वजीर दर्यावर गेलेला डाव

माझ्या खेळगड्यांनो,

दुकानदाराने गिऱ्हाइकाला पत्र लिहायचं ते मागणीसाठी किंवा वसुलीसाठी. हे तसलं नाही, म्हणून सुरुवात कशी करावी कळत नाही. नमनालाच घडाभर तेल जाऊ नये म्हणून आधी मुद्द्याचं सांगून टाकतो: येत्या नारळी पौर्णिमेला दर्या उघडेल आणि त्याच दिवशी मांडवीच्या रस्त्यावरचं आपलं खेळांचं दुकान बंद होईल.

सांगितलं एकदाचं.

बाहेर ज्येष्ठ चालू आहे. फणसाच्या वासाने गाव जड झालाय, अंगाला कपडा चिकटतो आणि समुद्राचा आवाज बदललाय. तुम्ही परगावी असलात तरी तो आवाज विसरला नसाल. वैशाखात तो नुसता बडबडत असतो, ज्येष्ठात दात खातो. बंदरात गलबतं वर ओढायची घाई चालली आहे, कुणी त्यांच्यावर नारळीच्या झापांचं छप्पर घालतोय, कुणी शिडं गुंडाळतोय. इतर दुकानदारांचा हंगाम आता संपतो. आपला मात्र सुरू होतो, कारण दर्या बंद झाला की तांडेल, खलाशी सगळे घरात बसतात आणि घरात बसलेल्या पुरुषाला एक तर भांडण लागतं नाही तर डाव लागतो. बायका म्हणतात, डाव बरा.

ह्याच दिवसांची मला भीती वाटते. तशी मला कशाचीही वाटते. दर्यावर्द्यांच्या गावात जन्म काढून मी भरतीच्या पाण्यात घोट्यापलीकडे गेलेलो नाही. भाट्याची खाडी होडीतून ओलांडताना डोळे मिटून बसतो आणि नावाडी हसतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं असावं, कारण सगळ्या गावाची काळजी येऊन बसायची ती नेमकी माझ्या फळीवर.

त्या फळीबद्दल नव्या गिऱ्हाइकांना माहीत नसेल. ओटीवर आपण पट मांडून ठेवतो, पावसाळाभर कुणीही येऊन खेळावं. पण नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात पडला की अर्धे डाव तसेच राहतात. मग माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची रीत अशी, की जो समुद्रावर निघाला त्याने आपल्या बाजूचा एक मोहरा किंवा एक सोंगटी उचलायची आणि बरोबर न्यायची. उरलेला डाव फडक्यात बांधून मी वरच्या फळीवर ठेवायचा. तो माणूस परत येऊन आपली सोंगटी माझ्या पाटावर ठेवीपर्यंत ती गाठ कुणी सोडायची नाही. त्या सोंगटीच्या जागी लाकडाची दुसरी कातून ठेवायचीही नाही. एरवी घरात हरवलेल्या प्याद्याच्या जागी लोक खुशाल चिंचोका ठेवून खेळतात. इथे तेवढंही चालत नाही.

ज्येष्ठात मी ओटीवर बसून कान लावलेला असतो. कुणी चढून येतो, लाकडावर लाकूड टेकल्याचा टक् असा आवाज होतो आणि माझ्या जिवात जीव येतो. "काय वो आबा, हत्ती आनलाय तुमचा. मंगळूर बघून आला, जरा रोडावलाय." असं काहीतरी बोलून तो माणूस हसतो. मीही हसतो. मग मी फळीकडे बघतो आणि अजून किती गाठोडी उरली ते मनात धरतो.

आता दुकान बंद का, ते सांगतो. फाल्गुनात आपल्या एका जुन्या गिऱ्हाइकांनी सारीपाटाच्या सोंगट्या परत आणल्या. माझ्यासमोर ओळीने मांडल्या. मी म्हटलं, बऱ्या आहेत की. त्यांनी माझा हात धरून ओटीवर उन्हात नेला. तेव्हा दिसलं, काळ्यांत दोन हिरव्या होत्या. जन्मभर लाखेच्या चार रंगांत हात घालून बसलेल्या माणसाला काळं आणि हिरवं कळेना! पाचावर धारण बसली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी दिवा डोळ्याशी आणून पाहिलं आणि म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे. बाजूंनी अंधार आत सरकत येतो म्हणाले. तेव्हापासून मी रोज सकाळी आधी दाराच्या दोन्ही चौकटी दिसतात का ते बघतो.

कातकाम नजरेवर चालतं असं नाही, अर्धं बोटांवर चालतं. कमानीच्या दोरीचा लाकडाला एक वेढा द्यायचा, एका हाताने कमान पुढेमागे ओढायची, दुसऱ्या हाताने पटाशी धरायची आणि पायाच्या अंगठ्याने तिला आधार द्यायचा. लाकूड फिरत असतानाच लाखेची कांडी त्यावर दाबली की घासून तापते, वितळते आणि रंग बसतो. मग केवड्याचं पान दाबलं की असं तेज चढतं, की मोहऱ्यात आपलं नाक दिसावं. हे मी डोळे मिटून करू शकेन. पण पटाशी कुठे थांबवायची ते डोळेच सांगतात, आणि मला अंगठा अजून हवा आहे.

तेव्हा व्यवहाराचं बोलून घेऊ. आजपासून नवी मागणी घेत नाही. ज्यांनी विसार दिला आहे आणि काम हाती लागलेलं नाही, त्यांचा विसार परत मिळेल. दुरुस्तीला आलेले डाव तयार आहेत, ते नारळी पौर्णिमेच्या आत न्यावेत. मुंबईकरांचे दर्या उघडल्यावर पहिल्या बोटीने पाठवीन, भाडं माझ्याकडे. शिल्लक माल म्हणजे कवड्या, काही गंजिफा, वाघबकरीच्या दोन पाट्या आणि तो नवा कॅरमचा फळा, जो मी हौसेने आणला आणि दमट हवेने ज्याची परात केली. तो हवा असेल त्याने फुकट न्यावा. माझा कातायचा साचा आणि पटाश्या देवरुखच्या एका कातार्‍याने घ्यायचं कबूल केलं आहे. माणूस हाताचा चांगला आहे, थोडा बडबड्या आहे. यापुढे तुमची दुरुस्ती तो करील.

रंगाची काळजी घ्या. लाखेचं काम उन्हात ठेवू नका, बोटभर खोबरेल फडक्याला लावून पुसा. सारीपाटाच्या कापडात वेखंड घालून ठेवा, कसर लागणार नाही.

आणि तुकडे. ही आपल्या दुकानाची दुसरी रीत, तीही वडिलांची. ज्या ओंडक्यातून तुमचा डाव काढला त्याच ओंडक्याचा एक तुकडा मी नाव घालून ठेवलेला असतो. मोहऱ्याला वरून लाख असते, पण तळ मी कोरा ठेवतो आणि तळाला लाकडाच्या रेघा दिसतात. उद्या तुमचा घोडा चुलीत गेला, तर नवा घोडा त्याच तुकड्यातून निघतो आणि तळ उलटा करून पाहिला तरी सावत्र वाटत नाही. आता हे तुकडे ज्याचे त्याला देणार आहे. डावाबरोबर आपापला तुकडा मागून घ्या. तो हाती असला की कुठलाही बरा कातारी तुम्हाला हुबेहूब मोहरा करून देईल.

कुठलाही बरा कातारी. हे शब्द लिहिले आणि मी लेखणी खाली ठेवली, कारण फळीवर एक फार जुनं गाठोडं होतं.

खाडीकाठच्या राजिवड्याचे दाऊद तांडेल तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. माणूस उंच, आवाज त्यांच्या फत्तेमारी गलबताच्या नाळेवरून सुकाणूपर्यंत जाणारा, त्यामुळे माझ्या ओटीवर ते कुजबुजले तरी समोरचा वाणी उत्तर द्यायचा. बुद्धिबळात ते मला जवळजवळ नेहमी हरवत. मी राजाभोवती प्यादी गोळा करून बसायचो आणि ते म्हणायचे, "आबा, तुमचा राजा किल्ल्यात हाय का कैदेत?"

खूप वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात आमचा एक डाव रंगला होता. नारळी पौर्णिमेचा दिवस उजाडला, बंदरावर वाजंत्री वाजत होती आणि आम्ही ओटीवर पटावर वाकलेले. चाल त्यांची होती. मला दिसलं, वजीर तिरका आला की माझा राजा मेला. त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी तो मानेला खोक पडलेला काळा वजीर उचलला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वजीर सदऱ्याच्या खिशात टाकला.

"खेळा की," मी म्हटलं.

"ज्येष्ठात खेळू. तवर जगू द्या तुमच्या राजाला."

"आणि मी तोवर पळवाट काढली तर?"

"काढा. नऊ महिने देतो." आणि हसत हसत पायऱ्या उतरून गेले.

पळवाट नव्हतीच. मी सगळी थंडी शोधली.

तो हंगाम चांगला गेला होता. मलबारात जाऊन मंगळुरी कौलं भरायची, मुंबईला उतरवायची, पुन्हा खाली जायचं. वैशाख संपत आला तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ कासम मला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, भाई आणखी एक फेरी मारून येणार. मी म्हटलं, इतक्या उशिरा? कासम म्हणाला, "तुमी घाबरू नका आबा, भाईला दर्या वळखतो."

मग त्या वर्षीचा ज्येष्ठ आला. अजून कधीमधी उगाच नाकाला त्या दिवसांचा वास येतो, डांबराचा आणि ओल्या काथ्याचा. उकाड्यात गलबतं परत येत होती. टक् करून एक प्यादं आलं. टक् करून एक तांबडी सोंगटी आली, तिच्या मालकाने ती नऊ महिने तंबाखूच्या चंचीत ठेवली होती, म्हणून मी ती तीन दिवस उघड्यावर ठेवली. हत्ती आला, उंट आला. फळी मोकळी होत गेली आणि एक गाठोडं राहिलं. दक्षिणेकडचं आभाळ शाईच्या दौतीसारखं झालं, मोठा वारा सुटला आणि किल्ल्याकडून लाटांचे आवाज गावात ऐकू येऊ लागले. मी ओटीवर बसून राहिलो. पायरीवर कुणाचं पाऊल वाजलं की उठून उभा राही. मीठवाल्याचं, खोबरेवाल्याचं, कुणाचंही पाऊल असे.

खतिजाबाय, म्हणजे तांडेलांची बायको, एका सकाळी दारात आली. त्याआधी ती कधी दुकानाची पायरी चढली नव्हती. तिने वर फळीकडे पाहिलं.

"आबा, वजीर आला नाय ना?"

"नाही."

"मंग ते येयाचे हायत," असं म्हणून ती गेली. मला तिची भीती वाटली. रडली असती तर कमी वाटली असती.

फत्तेमारी कुठे गेली, कुणाला कळलं नाही. फळकूट नाही, शीड नाही, माणूस नाही. कुणी म्हणे मुरडेश्वराकडे फुटली, कुणी म्हणे वाऱ्याने मस्कतकडे नेली आणि तिकडे माणसं कामाला लावली. बसऱ्याहून येणारा प्रत्येक खलाशी काहीतरी नवीन ऐकून यायचा. खतिजाबाय काथ्या वळून दोर करू लागली आणि दर ज्येष्ठात एकदा माझ्या दारात उभी राहू लागली. तोच प्रश्न, तेच उत्तर. असे किती ज्येष्ठ गेले! तिची पोरगी लग्न होऊन सासरी गेली. मी मात्र वैशाखापासूनच त्या एका सकाळच्या धास्तीने अर्धा होतो.

मधल्या एका वर्षी कासम आला. दुकानात कुणी नाही असं बघून माझ्याजवळ बसला. चांगला माणूस, भावजयीला कधी उपाशी ठेवलं नाही त्याने. कवड्यांशी चाळा करत म्हणाला, "आबा, त्या डावाचा तुकडा हाय ना तुमच्याकडं?"

"आहे."

"एक वजीर करून द्या. तसाच. मानेवर खोक होती ना, ती पन घाला. मी भाबीला सांगेन, कारवारच्या एका मचव्यावाल्याला किनाऱ्यावर गावला. भाई गेला म्हनून तिची खातरी पटंल. तिला रडू द्या आबा. एकदा रडली की सुटंल ती."

त्याचं चुकीचं होतं असं आजही छातीठोक म्हणवत नाही. तुकडा माझ्या मागच्या पेटीत होता आणि हात तेव्हा धड होते. असा वजीर केला असता, की खुद्द तांडेलांनी आपला म्हणून उचलला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच आलं. वजीर पटावर ठेवलाय, खतिजाबाय रडतेय आणि पायरीवर पाऊल वाजतंय आणि टक्, पाटावर दुसरा वजीर. मी म्हटलं, "कासम, मला जमायचं नाही रे, मला भीती वाटते." तो मान हलवून गेला. पुन्हा कधी विषय काढला नाही.

आता समजलं ना, लेखणी का थांबली? डाव ज्याचा त्याला, तुकडा ज्याचा त्याला, असं मी तुम्हा सगळ्यांना लिहिलं. मग तांडेलांचा तुकडा कुणाला? ठेवावा तर उद्या मी आंधळा, पेटी दुसऱ्याच्या हातात. देवरुखला पाठवावा तर तिथे बडबड्या कातारी. आणि खतिजाबायला द्यावा तर वजीर परत यायचा नाही असं मीच माझ्या हाताने तिला सांगितल्यासारखं. शिवाय तिला वाचता येत नाही. हे पत्र तुम्हा सगळ्यांना टपालाने पोचेल, पण जिला सांगायची मला सर्वांत जास्त भीती, तिला तोंडानेच सांगावं लागणार होतं.

लेखणी तशीच टाकून काल सकाळी राजिवड्याला गेलो. एका हातात गाठोडं, बंडीच्या खिशात शिवणीच्या लाकडाचा तो तुकडा. राजिवड्याची वाट उतरताना डाव्या बाजूचं काही दिसत नव्हतं, एका बकरीवर आदळलो. खतिजाबाय अंगणात काथ्या झोडत होती. गाठोडं बघताच तिचा हात वरच्या वर थांबला आणि मला कळलं, तिला वाटलं वजीर आला.

"नाही, नाही," मी घाईघाईने म्हटलं. "आलेला नाही. दुकान बंद करतोय मी. डोळे गेले माझे."

ती खाली बसली. मग म्हणाली, "मंग ते आले तर मोहरा ठेवतील कुटं?"

ह्याच प्रश्नाला मी महिनाभर भीत होतो. मी गाठोडं तिच्यासमोर ठेवलं, तुकडा काढून वर ठेवला आणि काय असतं ते सगळं सांगितलं. तळाच्या रेघा सांगितल्या. ह्यातून कुणीही तसाच वजीर काढू शकेल, हे सांगितलं. कासमचं मात्र बोललो नाही.

तिने तुकडा उचलला, उलटासुलटा केला, नख रेघांवरून फिरवलं. "कासम मागत व्हता ना ह्यो?"

मी गाठोड्याची गाठ चाचपू लागलो.

"मना म्हायती हाय. त्यानंच सांगितलं, लई दिसांनी. तुमी भ्यालात म्हनून दिला नाय म्हनाला." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली. "बरं झालं तुमी भितरे, आबा."

मग ती उठली आणि आत गेली. चुलीवर भाताचं आधण होतं. तिने तुकडा चुलीत सारला. शिवण वाळलेली होती, लगेच पेटली. मी दारात उभा राहून बघत होतो. एका बाजूला थोडी लाख चिकटलेली असावी, तिचा तो ओळखीचा वास सगळ्या घरात पसरला. आता दुसरा वजीर कुणालाच करता येणार नाही, देवरुखच्याला नाही, मला नाही. येईल तर तोच येईल, नाही तर पटावरचं ते घर कायमचं रिकामं राहील. आणि हे तिने भात शिजता शिजता ठरवलं.

"आता डाव मांडा," ती बाहेर येऊन म्हणाली. "जसा व्हता तसा."

मी तिच्या पडवीत पट पसरला आणि गाठ सोडली. मोहरे हातानेच ओळखत, एकेक घर मोजत मांडले. डाव मला तोंडपाठ आहे, सगळी थंडी उगाच नाही काढली त्याच्यावर. वजिराच्या घरापाशी माझं बोट थांबलं. सवयीने मी खिशातला चिंचोका चाचपला तशी ती म्हणाली, "तितं काय ठेवू नका."

नाही ठेवलं.

तेव्हा शेवटचं कलम, फक्त तुमच्यापैकी जे मुंबई, कराची, बसरा, झांजिबार असे हिंडता त्यांच्यासाठी. दुकानाची फळी यापुढे राजिवड्यात खतिजाबायच्या पडवीत असेल. ज्यांचे मोहरे अजून दर्यावर आहेत त्यांनी ते तिथे आणून ठेवावेत. आणि कुठल्या बंदरात एखादा उंच, मोठ्या आवाजाचा, आता म्हातारा झालेला माणूस दिसला, त्याच्या खिशात मानेला खोक पडलेला एक काळा वजीर असला, तर त्याला काही विचारू नका. एवढंच सांगा, की आबाचे डोळे गेले पण आबा ज्येष्ठभर तुमच्या पडवीत बसून असतो, पायरीवर पाऊल वाजलं की अजून घाबरतो, त्याला पळवाट सापडलेली नाही आणि चाल तुमची आहे.

तुमचा,
मांडवीच्या रस्त्यावरचा आबा कातारी